प्रेमवाचक ग्रीक शब्द

प्रेमवाचक ग्रीक शब्द : प्रेम, प्रीती, स्नेह, वात्सल्य, कामना इ. भावना व्यक्त करण्यासाठी प्राचीन ग्रीक भाषेत वापरले गेलेले शब्द. त्यांपैकी ईरॉस, फिलिया, स्तॉर्गी व अगापी हे चार प्रमुख होत. ईरॉस म्हणजे स्त्री-पुरुषांमधील आसक्ती, फिलिया म्हणजे मैत्री, स्तॉर्गी म्हणजे कुटुंबीयांमधील माया आणि अगापी म्हणजे ईश्वरी, निरपेक्ष प्रेम, अशी त्यांची विभागणी सामान्यतः सांगितली जाते. ही विभागणी लक्षात ठेवण्यास सोयीची असली, तरी ग्रीक ग्रंथांतील प्रत्यक्ष वापराशी ती पुरती जुळत नाही. हे शब्द एकमेकांच्या क्षेत्रांत वारंवार शिरतात आणि कालानुसार त्यांचे अर्थही पालटलेले दिसतात. म्हणूनच त्यांचे भाषांतर करताना एका ग्रीक शब्दासाठी एकच ठराविक प्रतिशब्द योजणे इंग्रजीतही शक्य झाले नाही व मराठीतही होत नाही.

ईरॉस : ह्या शब्दाचा मूळ अर्थ तीव्र इच्छा असा आहे. होमरच्या महाकाव्यांत तो स्त्रीविषयक अभिलाषेप्रमाणेच खाण्यापिण्याच्या इच्छेलाही लावलेला आढळतो. थ्यूसिडिडीझ ह्या इतिहासकाराने इ. स. पू. ४१५ मधील सिसिलीवरील स्वारीचे वर्णन करताना, त्या मोहिमेवर निघण्याचा ईरॉस सर्व अथेन्सवासीयांना जडला, असे म्हटले आहे. तेथे शृंगाराचा संबंध नसून सारासार विचार बाजूला सारणारा ध्यास अभिप्रेत आहे. हीसिअडच्या काव्यात ईरॉस हा सृष्टीच्या आरंभी प्रकटलेल्या देवतांपैकी एक आहे. प्लेटोने सिंपोझियम ह्या संवादात ईरॉस ही उणिवेतून निर्माण होणारी ओढ मानली आहे. त्यातील एका कथेनुसार तो समृद्धी व दारिद्र्य ह्यांचा पुत्र असून, जे आपल्याजवळ नाही त्याच्या शोधात तो सतत असतो. ही ओढ एका सुंदर देहापासून सर्व सुंदर देहांकडे, तेथून सुंदर मनांकडे व ज्ञानाकडे आणि अखेरीस केवल सौंदर्याकडे चढत जाते. म्हणजे तत्त्वज्ञानाच्या सर्वोच्च टप्प्यालाही प्लेटोच्या दृष्टीने ईरॉसच घेऊन जातो.

मराठीत ईरॉससाठी सहज सुचणारा शब्द काम हा होय. तो इच्छामात्राचाही वाचक आहे व एका देवतेचेही नाव आहे. ही दोन्ही साम्ये लक्षणीय आहेत. परंतु मराठी वाचकाच्या मनात काम हा षड्रिपूंपैकी पहिला असतो. त्यामुळे प्लेटोच्या संवादात काम हा शब्द घातल्यास, ज्या शक्तीच्या आधारे साधक वर चढतो तीच त्याने जिंकावयाची आहे, असा उलटा भास होतो. प्रेम हा शब्द घातल्यास उणिवेची व ध्यासाची छटा लोपते. तत्त्वज्ञानपर संदर्भात ओढ किंवा अनुराग, थ्यूसिडिडीझच्या वाक्यात ध्यास वा वेड आणि शृंगारिक काव्यात काम, असे संदर्भानुसार वेगवेगळे शब्द योजणेच श्रेयस्कर ठरते.

फिलिया : ॲरिस्टॉटलच्या निकोमाकीय नीतिशास्त्र ह्या ग्रंथाच्या दहा भागांपैकी आठवा व नववा असे दोन भाग फिलियाच्या विवेचनास वाहिलेले आहेत. उपयुक्तता, सुख व सद्गुण ह्या तीन आधारांवर त्याने फिलियाचे तीन प्रकार केले. फिलिया दोन्ही बाजूंनी असावी लागते व ती परस्परांना ठाऊक असावी लागते. मद्य एखाद्यास कितीही आवडले, तरी मद्याशी त्याची फिलिया संभवत नाही, कारण मद्य उलट सदिच्छा बाळगू शकत नाही. इंग्रजी भाषांतरांत येथे ‘फ्रेंडशिप’ हा शब्द रूढ आहे, पण तो पुरेसा नाही. आईबापांचे अपत्यावरील प्रेम, एका जहाजावरील प्रवाशांमधील व एका पथकातील सैनिकांमधील आपुलकी, तसेच नगरातील नागरिकांना एकत्र राखणारा बंध ह्या साऱ्यांना ॲरिस्टॉटल फिलियाच म्हणतो. मराठीत मैत्री हा शब्द घेतल्यास हीच अडचण उभी राहते. आईची मुलाशी मैत्री असे म्हटले, तर वाचक थबकतो. त्या मानाने स्नेह हा शब्द अधिक व्यापक आहे. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ तेलकटपणा, चिकटपणा असाही असल्याने दोन माणसांना जोडून ठेवणारा बंध हा भाव त्यात आपोआप येतो.

स्तॉर्गी : हे नाम प्राचीन ग्रंथांत तुलनेने विरळ असून तदर्थक क्रियापद अधिक आढळते. आईबाप व मुले ह्यांच्यातील नैसर्गिक माया हा त्याचा मुख्य अर्थ होय. मात्र पतिपत्नी, राजा व प्रजा ह्यांच्या संदर्भांतही ते क्रियापद येते. ह्या एका बाबतीत मराठी ही इंग्रजीहून संपन्न आहे. माया, ममता, वात्सल्य, जिव्हाळा, लळा असे कितीतरी शब्द तिच्यापाशी आहेत. तथापि त्यांपैकी पुष्कळ एकाच दिशेने वाहणारे आहेत. वत्स म्हणजे वासरू ह्या शब्दावरून आलेले वात्सल्य वडीलधाऱ्यांकडून लहानांकडे जाते. लळा बहुधा लहानाला मोठ्याचा लागतो. स्तॉर्गी दोन्ही दिशांनी वाहते. म्हणून भाषांतरकाराला प्रथम कोणाचे कोणावरील प्रेम आहे हे पाहावे लागते व मगच शब्द निवडता येतो.

अगापी : ह्या नामाला जे महत्त्व लाभले ते मुख्यतः ज्यू व ख्रिस्ती धर्मग्रंथांमुळे. त्याचे क्रियापद अगापान हे मात्र जुने असून, अभिजात ग्रीकमध्ये त्याचे अर्थ आवडणे, आपुलकीने वागविणे, त्याचप्रमाणे आहे त्यात समाधान मानणे असे होते. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून हिब्रू धर्मग्रंथांचे सेप्टुअजिंट ह्या नावाने ओळखले जाणारे ग्रीक भाषांतर होऊ लागले. हिब्रूत ईश्वरावरील, पत्नीवरील, मित्रावरील अशा सर्व प्रकारच्या प्रेमासाठी मुख्यतः एकच धातू वापरला जातो. भाषांतरकारांनी त्यासाठी बहुतेक ठिकाणी अगापान हे क्रियापद योजिले. ह्याचे एक कारण भाषिक असावे, असे रॉबेर झोली ह्या अभ्यासकाने १९६८ मध्ये दाखवून दिले : फिलेइन ह्या क्रियापदाचा चुंबन घेणे हा अर्थ प्रबळ होत गेला, त्यामुळे प्रेम करणे ह्या सर्वसाधारण अर्थाने अगापानचा वापर सामान्य ग्रीकमध्येही वाढत चालला होता. नव्या करारात यहूदाने येशूला दाखवून देण्यासाठी घेतलेल्या चुंबनाला फिलेइन हेच क्रियापद आहे.

अगापी म्हणजे केवळ निरपेक्ष, ईश्वरी प्रेम ह्या समजुतीस सेप्टुअजिंटमधील एक उदाहरण विशेष बाधक ठरते. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात दाविदाचा पुत्र अम्नोन हा आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर आसक्त होतो, कपटाने तिला जवळ बोलावून तिच्यावर बलात्कार करतो आणि नंतर तिचा तिरस्कार करू लागतो. त्याच्या ह्या आसक्तीला ग्रीक भाषांतरात अगापान हे क्रियापद व अगापी हे नामच योजलेले आहे. शृंगाराने ओथंबलेल्या गीतरत्न ह्या काव्यातही प्रेमाला अगापी हाच शब्द आहे. नव्या करारातदेखील माणसांनी प्रकाशाऐवजी अंधाराची आवड धरली (योहान ३·१९), परूश्यांना सभास्थानांतील मानाची आसने प्रिय असतात (लूक ११·४३), देमास हा ऐहिक जगाच्या मोहाने पौलाला सोडून गेला (२ तीमथ्य ४·१०) ह्या सर्व ठिकाणी क्रियापद अगापान हेच येते. उलटपक्षी, पित्याचे पुत्रावरील प्रेम योहानाच्या शुभवर्तमानात एकदा अगापानने (३·३५) तर एकदा फिलेइनने (५·२०) सांगितले आहे.

ह्याचा अर्थ नव्या करारातील प्रेमाच्या कल्पनेत काही वेगळेपण नाही असा नव्हे. शत्रूवरही प्रेम करावे, ही शिकवण वेगळी आहेच. पण ते वेगळेपण संपूर्ण वाक्यांनी, आज्ञांनी व कथांनी सांगितलेले आहे. अगापी ह्या शब्दात ते आधीपासून साठविलेले नव्हते. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात अगापी काय करते व काय करीत नाही, ह्याची दीर्घ यादी दिली आहे. शब्दाचा अर्थ वाचकांना आधीच ठाऊक असता, तर अशा यादीची गरज भासली नसती. ईरॉस हे नाम नव्या करारात मुळीच आढळत नाही. स्तॉर्गीही केवळ सामासिक व नकारार्थी विशेषणांच्या रूपाने डोकावते. म्हणून ह्या ग्रंथापुरता भाषांतराचा मुख्य प्रश्न अगापान व फिलेइन ह्या जोडीचाच राहतो.

इंग्रजी भाषांतरे : लॅटिन बायबलात अगापीसाठी कारितास व दिलेक्तियो असे दोन शब्द आले. त्यांपैकी कारितासवरून इंग्रजीत ‘चॅरिटी’ हा शब्द रूढ झाला. विल्यम टिंडल ह्याने १५२६ मध्ये मूळ ग्रीकवरून केलेल्या भाषांतरात ‘चॅरिटी’ऐवजी ‘लव्ह’ हा शब्द वापरला. टॉमस मोर ह्याने १५२९ मध्ये त्यावर कडक टीका केली. सर्व तऱ्हेच्या प्रेमाला लागणारा शब्द घेतल्याने ख्रिस्ती प्रेमाचे पावित्र्य झाकले जाते, असा त्याच्या आक्षेपाचा रोख होता. वादाच्या मुळाशी धर्मकारण होते : ‘चॅरिटी’ ह्या शब्दाशी सत्कृत्यांनी मिळणाऱ्या पुण्याची पारंपरिक कल्पना निगडित होती आणि ‘लव्ह’ हा शब्द आल्याने तिचा आधार निसटत होता. १६११ च्या अधिकृत भाषांतराने करिंथकरांच्या पत्रातील त्या अध्यायात पुन्हा ‘चॅरिटी’ हा शब्द घेतला. पुढे ह्या शब्दाचा अर्थ दानधर्मापुरता आकुंचित झाला व एक विसंगती उद्भवली. त्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात, सारी संपत्ती गरिबांना वाटली पण अगापी नसली तर काही लाभ नाही, असा आशय आहे. ‘चॅरिटी’ म्हणजे दानधर्म असे समजणाऱ्या वाचकाला हे वचन परस्परविरोधी वाटू लागले. १८८१ च्या संशोधित भाषांतराने तेथे ‘लव्ह’ हा शब्द परत आणला. मोरचा आक्षेप मात्र त्यामुळे निकालात निघाला नाही. ‘लव्ह’ हा शब्द आजही सर्व तऱ्हेच्या प्रेमाला लागतो आणि कोणते प्रेम हे संदर्भानेच ठरते.

मराठी भाषांतरे : मराठी बायबलात अगापीसाठी प्रीती हा शब्द रूढ झालेला आहे. करिंथकरांच्या पत्रातील अध्यायात तोच आहे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा व देवाचे स्वरूप प्रीती आहे हे वचन ह्यांतही तोच आहे. फिलेइन ह्या क्रियापदासाठी प्रेम करणे किंवा संदर्भानुसार आवडणे आणि फिलादेल्फिया ह्या नामासाठी बंधुप्रेम असे शब्द येतात. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (१·७) सद्गुणांची चढती मालिका फिलादेल्फियाकडून अगापीकडे जाते, तेथे मराठीत बंधुप्रेम व प्रीती असा क्रम ठेवता येतो. आरंभीच्या ख्रिस्ती समाजातील सामुदायिक भोजनालाही अगापी हेच नाव होते व त्यासाठी प्रीतिभोजन हा समास मराठीत सहज जुळतो.

दया, करुणा व भक्ती हे पर्याय मराठीत उपलब्ध असूनही ते स्वीकारले गेले नाहीत, हे योग्यच झाले. दया व करुणा ह्यांत समर्थाने असमर्थाकडे पाहण्याचा भाव आहे, तर अगापी बरोबरीच्या शेजाऱ्यांमध्येही असते. भक्ती माणसाकडून देवाकडे जाते. देवाची माणसावर भक्ती असे म्हणता येत नाही, पण अगापी दोन्हींकडून म्हटली जाते. प्रीती हा शब्द ह्या दोन्ही कसोट्यांना उतरतो. शिवाय संस्कृतात प्रीतीचा एक जुना अर्थ संतोष, तृप्ती असा आहे आणि अगापानचाही एक जुना अर्थ समाधान मानणे असाच होता. हे साम्य योगायोगाचे असले, तरी उल्लेखनीय आहे.

खरी अडचण क्रियापदाची आहे. व्यवहारातील मराठीत प्रीती जडते, जीव बसतो, माया असते, लळा लागतो. ह्या भावना माणसाला होतात, तो त्या ठरवून करीत नाही. ईरॉसच्या बाबतीत ही वाक्यरचना अगदी योग्य आहे, कारण ग्रीकमध्येही ईरॉस माणसाला जडतो. परंतु नव्या करारात अगापानची आज्ञा दिलेली आहे व आज्ञा कृतीचीच देता येते. म्हणून भाषांतरकारांनी ‘प्रीती कर’ अशी आज्ञार्थी रचना वापरली. ती आरंभी कृत्रिम वाटली असली, तरी ख्रिस्ती मराठीत ती आता पूर्णपणे रुळलेली आहे. शब्दाच्या निवडीपेक्षाही ह्या व्याकरणिक रचनेमुळेच अगापीचा आशय मराठीत उतरला, असे म्हणता येते.

योहानाच्या शुभवर्तमानातील संवाद : ह्या जोडीची खरी परीक्षा योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात (१५–१७) होते. पुनरुत्थित येशू पेत्राला, तुझे माझ्यावर प्रेम आहे काय, असे तीन वेळा विचारतो. पहिल्या दोन प्रश्नांत क्रियापद अगापान आहे, तिसऱ्यात फिलेइन आहे. पेत्राच्या तिन्ही उत्तरांत फिलेइनच आहे. लॅटिन भाषांतराने दोन वेगळी क्रियापदे योजून हा फरक राखला. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने सर्वत्र ‘लव्ह’ हाच शब्द ठेवला. ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्शन’ ह्या भाषांतराच्या १९८४ च्या आवृत्तीत येशूच्या पहिल्या दोन प्रश्नांत ‘खरोखर’ ह्या अर्थाचे क्रियाविशेषण जोडून फरक दाखविला होता. २०११ च्या आवृत्तीत ते क्रियाविशेषण गाळण्यात आले. बायबल सोसायटीच्या मराठी भाषांतरात प्रीती करणे व प्रेम करणे अशा दोन क्रियापदांनी मूळचा क्रम जसाच्या तसा राखलेला आहे. इंग्रजीत जे सहज साधले नाही ते मराठीत साधले आहे.

तथापि हा फरक अर्थाचा आहे की केवळ शैलीचा, ह्यावर मतभेद आहेत. अगापान हे उच्चतर प्रेम असून पेत्र तितके कबूल करण्यास धजत नाही व अखेरीस येशूच त्याच्या पातळीवर येतो, असे वेस्टकॉट ह्या टीकाकाराच्या परंपरेतील विवरण आहे. ह्याउलट, ट्रेंच ह्या एकोणिसाव्या शतकातीलच अभ्यासकाच्या मते फिलेइन हेच अधिक जिव्हाळ्याचे क्रियापद असून, पेत्राला अगापान थंड वाटते आणि शेवटी येशू पेत्राचा शब्द स्वीकारतो. फरक आहे असे मानणारेच कोणता शब्द वरचढ ह्याविषयी परस्परविरुद्ध मते देतात, ही गोष्ट सूचक आहे. त्याच तीन वचनांत कोकरे व मेंढरे, चारणे व पाळणे, तसेच जाणणे ह्या अर्थाची दोन क्रियापदे, अशा इतर जोड्याही पालटून येतात, पण त्यांवर कोणी सिद्धांत उभारीत नाही. योहान अन्यत्रही ह्या दोन क्रियापदांत भेद करीत नाही : येशूच्या लाडक्या शिष्याचा उल्लेख तो बहुधा अगापानने, पण एके ठिकाणी (२०·२) फिलेइनने करतो. शिवाय, येशूने तिसऱ्यांदा विचारले म्हणून पेत्र खिन्न झाला, असे मूळ संहिता सांगते. त्याने येशूला तीन वेळा नाकारले होते, त्याला अनुसरून हे तीन प्रश्न येतात. संवादाचा कस क्रियापदांच्या फरकात नसून ह्या आवर्तनात आहे, असे आज बहुसंख्य अभ्यासक मानतात.

मराठी भाषांतराचा विचारही ह्या अनुषंगाने करावा लागतो. अगापान व फिलेइन ही क्रियापदे व्युत्पत्तीने परस्परांशी असंबद्ध आहेत. प्रीती व प्रेम हे मात्र प्रसन्न करणे ह्या अर्थाच्या प्री ह्या एकाच संस्कृत धातूपासून आलेले आहेत व बोलीत त्यांत फारसे अंतर नाही. त्यामुळे मराठी वाचकाला शब्द बदललेला दिसतो, पण त्याचा भार जाणवत नाही. फरक शैलीचाच असेल, तर हा परिणाम मुळाशी अधिक प्रामाणिक ठरतो. दुसरीकडे मराठीत एक नवाच भेद शिरतो. येशू पेत्राला ‘तू’ म्हणतो व पेत्र येशूला ‘आपण’ असे संबोधतो; ग्रीकमध्ये दोघांना एकच सर्वनाम आहे.

अर्वाचीन वर्गीकरणे : अगापी व ईरॉस ह्यांना परस्परविरोधी तत्त्वे म्हणून मांडण्याचे श्रेय मुख्यतः आंडर्स न्यूग्रेन (१८९०–१९७८) ह्या स्वीडिश धर्मशास्त्रज्ञाकडे जाते. त्याचा ग्रंथ १९३० व १९३६ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. सी. एस्. ल्यूइस ह्याच्या १९६० मधील पुस्तकाने चार प्रेमांची विभागणी लोकप्रिय केली. प्राचीन ख्रिस्ती लेखकांनी मात्र असा विरोध सर्वत्र मानलेला नाही. ऑरिजेनने गीतरत्नावरील भाष्याच्या प्रस्तावनेत दोन्ही शब्दांची चर्चा करून ईश्वरविषयक प्रेमाला ईरॉस म्हणण्यास मुभा दिली आहे. जॉन ॲलन ली ह्या कॅनडातील समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रेमवृत्तींचे वर्गीकरण करताना ईरॉस, स्तॉर्गी व अगापी ह्यांच्या जोडीला लूडस, प्राग्मा व मॅनिया ही नावे घेतली. प्रेमाचे सहा, सात वा आठ ग्रीक शब्द म्हणून ज्या याद्या प्रचलित आहेत, त्यांत ही नावे बहुधा ह्याच मार्गाने आली. त्यांपैकी लूडस हा शब्द ग्रीक नसून लॅटिन आहे व त्याचा अर्थ खेळ असा होतो. प्राग्मा हा ग्रीक असला, तरी त्याचा अर्थ कृत्य किंवा व्यवहार असा आहे, प्रेम असा नव्हे. ही नावे मानसशास्त्रातील संज्ञा म्हणून उपयुक्त आहेत, परंतु प्राचीन ग्रीक भाषेविषयीचा पुरावा म्हणून त्यांचा उपयोग करता येत नाही.

एकाच मुळातून निघालेले शब्दही भाषेभाषेत किती दूर जातात, ह्याचे उदाहरण ह्याच विषयात सापडते. इंग्रजीतील ‘लव्ह’ व संस्कृतमधील लोभ हे सगोत्र शब्द आहेत. संस्कृतात व सामान्यतः मराठीतही लोभ हा दोष मानला जातो. पण मराठी पत्राच्या अखेरीस ‘लोभ असावा’ असे लिहिताना तोच शब्द स्नेहाचा वाचक होतो आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. ग्रीक वाचकालाही अगापी वा फिलेइन ह्यांचा अर्थ अशाच रीतीने वाक्यातून कळत असे.